मनगटावरचा प्रल्हाद

हेमांगीने आजवर इतक्या नवऱ्या सजवल्या होत्या, की हळदीचा वास आला तरी तिची कंबर दुखायला लागे. त्या दिवशीही सकाळी वटार गावची एक नवरी उरकून ती नायगावला मेलरॉयच्या फोटो स्टुडिओत आली, ती केवळ त्याला नाही म्हणवेना म्हणून. काम छोटंसं आहे, तो म्हणाला होता. छोटंसं म्हणणाऱ्यांनी एकदा ते स्वतः करून बघावं.

उमेळ्याच्या लीलामावशी आणि जगन्नाथकाका लग्नाच्या पन्नाशीचा फोटो काढायला आले होते. नातवंडांना तो नव्या घराच्या हॉलमध्ये लावायचा होता. मावशींच्या मनगटाच्या जरा वर जुनं, हिरवट गोंदण होतं: प्रल्हाद. हा त्यांचा पहिला नवरा, काकांचा थोरला भाऊ. लग्नानंतर वर्षभरातच तो गेला आणि पुढे घरच्यांनी दिराशी पाट लावून दिला.

काका बाहेर होते तेव्हा मावशी हळूच म्हणाल्या, "यांच्या बाजूला बसायचं नि हातावर दुसऱ्याचं नाव. हे कधी एक शब्द बोलले नाय. पन फोटोत तरी नको, पोरी."

हेमांगी दमलेली होती, म्हणून घाई झाली. सैल कातडी तिने बोटांनी ताणून धरली, हिरवी झाक मारायला नारिंगी रंग आणि त्यावर कातडीचा रंग थापला. हात सोडला तर घड्यांत लेप गोळा झाला, भेगा पडल्या आणि अक्षरं डोकावू लागली. मावशींचा चेहरा पडला. शिकाऊ मुलींना ती ज्यावरून झापते, नेमकं तेच करून बसली होती. तिला स्वतःचीच चीड आली.

तेलाने सगळं पुसून काढलं. आता मावशींना फोटोत बसणार तशाच बसवलं, हात मांडीवर, कातडी पडते तशी पडू दिली. स्पंजाने न चोळता नुसतं टिपत नारिंगीचा पातळ थर दिला. तो सुकल्यावर कातडीच्या रंगाचे तसेच पातळ थर. घड्यांत साचलेलं कोरड्या ब्रशने उचललं. सपाट रंग खोटा दिसतो, म्हणून शेजारच्या कातडीवर होते तसे वयाचे तपकिरी ठिपके टेकवले आणि वर पावडर दाबून बसवली. सुरकुत्या जिथल्या तिथे राहिल्या, नाव तेवढं गेलं.

फोटोला बसताना काकांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. फोटो झाल्यावर हेमांगीने तेल-कापूस घेतला, तर त्यांनी हात पुढे केला. "माझ्याकडं दे."

गुडघे सांभाळत ते मावशींसमोर स्टुलावर बसले आणि हळूहळू पुसू लागले. मावशींनी मान खाली घातली.

"हे गोंदताना हिचा हात मीच धरलेला," ते हेमांगीला म्हणाले. "दादाला बघवत नव्हतं."

शेवटचं अक्षर मोकळं झालं, तेव्हा त्यांनी मावशींच्याच पदराच्या टोकाने तेल टिपलं.

"चल दादा," ते म्हणाले, "झाला फोटो. घरी जाऊ."