बाचा हात

दहावीच्या पूर्वपरीक्षेत मी पहिल्याच पेपरला कोरी राहिले. पेपर मराठीचा. सातपुड्यातल्या आमच्या घरात मराठी कुणी बोलत नाही, तरी मला ती चांगली येत होती. पण प्रश्नपत्रिका हातात आली आणि अक्षरं नुसती किड्यांसारखी वळवळू लागली. हातांना घाम सुटला आणि मी उठून बाहेर जाऊन ओकले. परत येऊन बसले ती घंटा होईपर्यंत पेन धरून.

घरी एवढंच ठरलेलं होतं: पास झाले तर पुढे शिकायचं, नाही तर पुढच्या हंगामाला आईबरोबर गुजरातला ऊस तोडायला जायचं. यात कुणाची दुष्टाई नव्हती. माझ्या मोठ्या बहिणीचंही असंच झालं होतं. ती हंगामाहून आली की तिचे तळहात बघवत नसत. पूर्वपरीक्षेनंतर मला अभ्यास कमी आणि ते हात जास्त दिसायचे.

आमचं वसतिगृह लोणखेड्याला, शहाद्याला लागून. तिथल्या मॅडम खाली तापीकाठच्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, चिडल्या की अहिराणीवर यायच्या. परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"काय करी ऱ्हायनी तू? रातभर जागस, दिनभर डुलक्या देस. आसं चालाव नही."

त्यांनी माझा दिवस बांधून दिला. रोज ठरल्या वेळी उठायचं, ठरल्या वेळी झोपायचं. पेपर ज्या वेळी असतो त्याच वेळी बाकावर बसून जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची, मध्ये उठायचं नाही. नवा धडा हातात घ्यायचा नाही, येतं तेच पक्कं करायचं. मला हे सगळं बालिश वाटलं. बुडणाऱ्याला वेळापत्रक कसलं देता, असं मनात म्हणत होते.

दुसरं सांगितलं ते श्वासाचं. त्याचं तर मी पहिल्यांदा पार वाटोळं केलं. भीती वाटली की श्वास घ्यायचा, एवढंच ऐकलं आणि भाता मारल्यासारखे मोठमोठे श्वास ओढले. बोटांना मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मोठा नाही गं, हळू. नाकाने चार आकडे होईपर्यंत आत, सहा होईपर्यंत बाहेर. पोटावर हात ठेव, पोट हललं पाहिजे. आणि भीती यायची वाट बघू नको. बरं वाटत असतं तेव्हाच सवय कर." मी आकडे आमच्या बोलीत मोजू लागले, तेव्हा कुठे जमलं.

तिसरं काम वहीचं. संध्याकाळच्या जेवणाआधी थोडा वेळ बसून काळज्या लिहायच्या. पानाला मधून रेघ. एका बाजूला जे आपल्या हातात आहे ते, आणि त्यापुढे उद्या करायचं एक छोटं काम. दुसऱ्या बाजूला जे हातात नाही ते. मग वही बंद. दिवसा एखादी काळजी आलीच तर तिला सांगायचं, संध्याकाळी ये. निबंध अपुरा राहतो, हे पहिल्या बाजूला गेलं. त्यापुढे लिहिलं, उद्या एक निबंध घड्याळ लावून. बहिणीचे हात दुसऱ्या बाजूला. लिहून त्या काळज्या गेल्या नाहीत. पण दिवसभर अंगावर बसायच्या, त्या संध्याकाळची वाट बघू लागल्या, एवढं खरं.

आणि मग गावाकडून निरोप आला. होळीसाठी आईबाची ऊसतोडीची टोळी हंगामातून परत आली होती आणि बाने माझ्या परीक्षेसाठी नवसाची मानता घेतली होती. म्हणजे होळीपर्यंत पाळणी. अनवाणी राहायचं, जमिनीवर झोपायचं, अंघोळ नाही, स्वतःचं स्वतः शिजवायचं आणि कुठल्याही बाईला शिवायचं नाही. पोटच्या मुलीलाही नाही.

मी धाय मोकलून रडले. कारण पहिलीपासून दरवर्षी परीक्षेला निघताना बा माझ्या डोक्यावर हात ठेवायचा. काही बोलायचा नाही. दोन्ही बाजूंनी डोकं झाकेल एवढा तो हात. तो कामावर असेल त्या वर्षी येऊन ठेवून जायचा. फक्त पूर्वपरीक्षेला तो नव्हता. मला वाटायचं, म्हणूनच मी कोरी राहिले. आणि आता माझ्यासाठीच त्याने नवस केला, तोही असा, की तो हातच मला मिळू नये. रागही आला मला त्याचा. कुणी सांगितलं होतं?

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं, बाचा हात. दुसऱ्या बाजूला. मॅडमनी विचारलं तेव्हा सांगितलं सगळं. "तठे तुन्हा इलाज नही, बेटा," एवढंच म्हणाल्या. "आते वही बंद कर. जेवाले चाल."

पहिल्या पेपरला बा आला. डोंगर उतरून, मग जीपने. केंद्राच्या फाटकाबाहेर निंबाखाली उभा होता, पायांना धूळ, दाढी वाढलेली. मी जवळ गेले तसा त्याचा हात सवयीने उठला. अर्ध्यावर आला आणि त्याने तो मागे घेतला, पाठीमागे दुसऱ्या हाताने धरून ठेवला. आम्ही दोघंही खाली बघत होतो. मी आत गेले.

प्रश्नपत्रिका आली आणि अक्षरं परत वळवळली. मी पेन खाली ठेवलं, पोटावर हात ठेवला. चार आत, सहा बाहेर. पुन्हा. पुन्हा. दुसऱ्या हाताखाली बाकाचं लाकूड सरावातल्यासारखंच होतं, वेळही रोजचीच होती, आणि हळूहळू अक्षरं जागेवर बसली. आधी येतं ते लिहिलं. घंटा झाली तेव्हा निबंधही पुरा झाला होता.

बाहेर येऊन मी आनंदाच्या भरात बाला सगळं सांगितलं. श्वासाचं, वहीचं, बाकाचं. कसं डोक्यावर हात नसतानाही जमलं ते. तो लक्ष देऊन ऐकत होता, मान हलवत होता. मग जीप आली.

होळी झाली, पाळणी सुटली. गणिताच्या पेपरच्या सकाळी टोळीचा ट्रक गुजरातकडे निघाला होता. बाने तो केंद्राजवळ थांबवायला लावला. आता अंघोळ केलेली, पायात चप्पल. मी धावत गेले आणि डोकं थोडं खाली करून उभी राहिले.

हात आला नाही. तो आमच्या बोलीत म्हणाला, "आता तुला लागत नाही ना?"

तो विचारत होता की सांगत होता, मला कळलं नाही. चेहऱ्यावर अभिमान होता, म्हणून मला वाटलं त्याला हेच ऐकायचं असणार.

"नाही लागत," मी म्हणाले.

"चांगलं झालं," तो म्हणाला. ट्रकमधून आईने हाक मारली. तो चढला, फळीला धरून उभा राहिला.

मी पास झाले. पुढेही शिकले, परीक्षा दिल्या, प्रत्येक वेळी दिवस बांधला, श्वास मोजला, वही लिहिली. त्यानंतर बाने माझ्या डोक्यावर हात कधीच ठेवला नाही.