शीग काढलेलं माप

हाताला चव असते असं कुणी म्हणालं, की आजही माझं टाळकं फिरतं. सोलापुरात गिरणीच्या फाटकासमोर आमची चहाची टपरी होती. तिथं मी अकरा वर्षं चहा केला. या अकरा वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की सगळ्यात आधी ते जो बोलला तो भेटला तर त्याला भट्टीपुढं उभा करीन म्हणते.

टपरी सासऱ्यांची. त्यांनी कधी काही मोजलं नाही. पाणी नजरेनं, पत्ती मुठीनं, साखर ओंजळीनं. चहा मात्र झकास व्हायचा, ते खोटं कशाला बोलू. विणखात्यातली माणसं त्या चहासाठी अडून बसायची. आमची किटली आली नाही तर दुसरा चहा नको म्हणायची. मग बाहत्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. नवरा माझा होटगीला रेल्वेत गँगमध्ये, रविवारचा रविवार यायचा. टपरी चालवायला उरलो तिघं. सकाळी मी, दुपारी माझा धाकटा दीर आणि मधल्या वेळेला एक तेलुगू विणकर म्हातारा. त्याचे डोळे अधू झाले म्हणून मागावरून उठला होता आणि आमच्याकडं लागला होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे.

महिन्याभरात गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं. सकाळचा चहा पांचट, मधला गोड, दुपारचा काळाकुट्ट. एक दिवस विणखात्याचा जॉबर, म्हणजे तिथल्या कामगारांचा मुकादम, टपरीवर आला. धिप्पाड माणूस, पण चहाच्या बाबतीत जिभेवर खडीसाखर धरल्यासारखा नाजूक.

"बाई, तीन माणसं, तीन चहा. आमी काय परीक्षा द्यायला बसलोय व्हय? म्हाताऱ्याचा हात गेला, चव गेली. आट दिवसांत चव एकसारकी न्हाय झाली तर किटली पलीकडच्या टपरीवरनं येईल."

विणखात्याची किटली गेली की टपरी गेली, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की टपरीची जागा देऊन टाकायची आणि करकंबला भावाच्या शेतावर जाऊन राहायचं. म्हणजे मीही करकंबला. माझं लहानपण दुसऱ्यांच्या उसात खुरपं घेऊन गेलं होतं. गिरणीच्या भोंग्यावर उठणं, स्वतःच्या भट्टीपुढं उभं राहणं मला लग्नानंतर मिळालं होतं. मला परत उसात जायचं नव्हतं. मी तिथंच सांगितलं, आठ दिवस आहेत ना, मग आजच कशाला बोचकी बांधायची?

चव हाताबरोबर गेली, हे मला पटत नव्हतं. मामंजींचा हात गेला होता, जिभेची चव शाबूत होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बाकावर बसवलं, पत्ती चमच्यानं मोजून टाकली आणि चहा त्यांच्यापुढं धरला. "पत्ती कमी," म्हणाले. पुन्हा केला. "आता कडू." असा सहा वेळा केला. सहाव्या वेळी त्यांनी नुसतं "हं" केलं. तेवढी पत्ती मावेल एवढी डबी मी पत्र्याच्या कारागिराकडून कापून घेतली. साखरेची तशीच वेगळी. पाणी दोन तांबे, दूध एक तांब्या, तांब्या एकच, पितळेचा. आलं बोटाच्या पेराएवढं असं आधी ठरलं होतं. कुणाच्या बोटाच्या, ते कुणी विचारलं नव्हतं. ते मी वजनावर घेतलं. लग्नात आलेलं गजराचं घड्याळ भट्टीशेजारी ठेवलं. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर पत्ती टाकायची आणि तिथून तीन मिनिटं. भांडं ठेवल्यापासून नाही, कारण कोळसे कधी फुललेले असतात, कधी विझत आलेले. मग दूध, दूध वर आल्यापासून दोन मिनिटं, की लगेच गाळायचं. उरलेला चहा परत तापवायचा नाही, ओतून द्यायचा.

मामंजी बघत होते. झटक्यानं त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं, पण शब्द कळत होते.

"माझी मूठ डबीत भरतीस व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. "मूठ तुमच्या एकट्याची. डबी तिघांची."

त्यांनी तोंड फिरवलं. वाईट वाटलं मला, पण मी थांबले नाही.

तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी जॉबर पुन्हा फाटकात उभा. "सकाळचा बरा. दुपारचा तसलाच काळा. तुमच्या डब्या काय शोभेला ठेवल्यात?"

मला इतका संताप आला, की दिराला मी चार लोकांत झाडलं. "भावजी, डबी वापरली का नाही?"

"वापरली की वैनी! शपथ! डबीनंच टाकली!"

मग मी म्हटलं, माझ्यासमोर टाका. त्यानं डबी पत्तीत बुडवली आणि वर काढली. डबीवर पत्तीची ही उंच शीग, काठावर ढीगच. तसाच पाण्यात. साखरेचंही तेच. अण्णानंही करून दाखवलं, त्याची शीग दिरापेक्षा कमी, पण होतीच. मी मात्र पहिल्या दिवसापासून बोटानं वरचं पाडत होते. मला वाटलं होतं, माप म्हणजे काठोकाठ, हे काय सांगायचं असतं?

सांगायचं असतं. आमच्याकडं ज्वारीचं माप शीग लावूनच देतात. सपाट माप देणारा माणूस दळभद्री, त्याच्या घरात लक्ष्मी टिकत नाही, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. डबी हातात आली, की दिराचा हात आपोआप शीग लावत होता. त्याला आपण काही चुकतोय असं वाटलंच नाही. उलट आपण मोठ्या मनानं करतोय असंच वाटत होतं.

मी लाकडाची एक पट्टी आणली. डबी भरली, की पट्टी काठावरून फिरवायची, वरचं सगळं परत मोठ्या डब्यात. हे मामंजींनी बघितलं आणि बाकावरून उठायला लागले.

"माझ्या टपरीत सपाट माप चालायचं न्हाय. शीग काढतीस? घराची बरकत काढतीस तू."

"मामंजी, शीग म्हणजे ज्याच्या त्याच्या मनाची लहर. भावजींची एवढी, अण्णाची तेवढी. ज्वारी विकताना चालती ती. चहात चालत न्हाय. तुमाला बरकत हवी तर डबी मोठी करून घेते, पण ती सपाटच भरायची."

"सून हाईस, मालकीण न्हाईस."

"न्हाय तर न्हाय. पण करकंबला जाणार न्हाय मी."

सासऱ्यांना इतकं उलट मी आयुष्यात बोलले नव्हते. अण्णा चहा गाळायचं फडकं धुवायच्या निमित्तानं नळावर गेला. पट्टी मी डबीला दोरीनं बांधून टाकली, म्हणजे डबी उचलली की पट्टी हाताला लागणारच.

एवढ्यावर भागलं नाही. पट्टी आली तरी दुपारचा चहा जरा दाटच लागत होता. तेव्हा मला दुधाचा डाव कळला. सकाळी आलेलं सगळं दूध भट्टीच्या कडेला दिवसभर रटरटत असायचं. दुपारपर्यंत आटून निम्मं. एक तांब्या सकाळचं दूध आणि एक तांब्या दुपारचं दूध ही दोन वेगळीच दुधं. वर साय ज्याच्या तांब्यात आली त्याचा चहा तुपकट, आणि दूध कमी पडलं की अण्णा त्यात कच्चं ओतायचा. मी दुधाची दोन भांडी केली. दुपारच्या पाळीचं दूध मुद्दाम उशिरा आणायला लावलं. एक उकळी आली, की भांडं उतरवून पाण्याच्या परातीत झाकून ठेवायचं. तांब्या बुडवण्याआधी पळीनं ढवळायचं. एका भांड्यातलं दुसऱ्यात ओतायचं नाही, मग कुणी का मागेना. दीर म्हणाला, "वैनी, तुमी दुधाला बी पाळ्या लावल्या की." लावल्या.

आठव्या दिवशी मी जॉबरला निरोप धाडला, की आज चार किटल्या येतील. आठला, दहाला, बाराला, दोनला. कोणी कुठली केली ते सांगणार नाही. पाळी सुटली की तुम्ही येऊन सांगा.

माझ्या मनात होतं, की दोन किटल्या मी करीन आणि एकेक ते दोघं. आठची दिरानं केली, दहाची मी. बाराच्या आधी मामंजी बाकावरून उठले, भिंतीला धरून भट्टीपाशी आले आणि स्टुलावर बसले.

"सर," म्हणाले.

मी सरले. डाव्या हातानं या माणसानं कधी कपसुद्धा उचलला नव्हता. त्यात आज माझं सगळं पणाला लागलेलं. तोंडात आलं होतं, मामंजी आज नको. ते मी गिळलं.

त्यांनी डाव्या हातानं तांब्या दोनदा ओतला. थोडं सांडलं, तर तो तांब्या रिकामा करून पुन्हा भरला. उकळी फुटली तसं घड्याळाकडं बघितलं. डबी पत्तीत घातली, फळीवर ठेवली आणि थांबले. मग दोरीची पट्टी धरून काठावरून फिरवली. शीग परत डब्यात पडली. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. दूध ढवळून घातलं. गाळताना मात्र फडकं अण्णानं धरलं. दोनची किटली अण्णानं केली.

तीनला भोंगा झाला आणि जॉबर आला. मागं विणखात्यातले पाचसात जण तमाशा बघायला.

"चारी एकच," जॉबर म्हणाला. त्याला हे बोलायला जड जात होतं. "सांगता येत न्हाय. पण दहाची प्यालो आणि म्हाताऱ्याची याद आली. ती त्यांच्याच हातची वाटली. हाताची चव ती. लपत न्हाय."

मी तोंड उघडणार होते. अकरा वर्षांत एवढं बोलावंसं मला कधी वाटलं नव्हतं. पण मामंजीच आधी बोलले.

"दहाची सुनेची हाय. माझी बाराची."

जॉबरनं त्यांच्या मांडीवरच्या लुळ्या हाताकडं बघितलं. "तुमी केली? डाव्या हातानं?"

"हात कुठला का असंना," मामंजी म्हणाले. "माप हाय की."

मग त्यांनी डबी उचलून माझ्यासमोर धरली, पट्टी खाली लोंबत होती. "बघत काय राहिलीस? दुपारपाळीची किटली जायचीय."