अनलिमिटेडचा अर्थ

आमच्या गावातल्या केबलवाल्याच्या दुकानावर भल्या मोठ्या अक्षरात एक शब्द रंगवलाय: अनलिमिटेड. त्या शब्दावर माझा जुना राग आहे. पण त्या महिन्यात तो राग घरात शिरला.

ताई बाळंतपणानंतर माहेरीच होती. शिक्षक भरतीची परीक्षा पुढच्या महिन्यात, क्लास जवळच्या तेलगावलाही नाही आणि बीडला जायचं तर तान्हं लेकरू. म्हणून ऑनलाइन लाइव्ह क्लास, रोज चार तास. महिना अर्धा सरला आणि सरांचं तोंड पडद्यावर आ वासलेलंच राहिलं. गोल गोल फिरणारं चक्र. ताई फोन घेऊन अंगणात, गच्चीवर, गोठ्यापाशी फिरली. शेवटी पायरीवर बसून म्हणाली, "गणिताचा सगळा भाग चाललाय रे माझ्या डोक्यावरून. आता शिकून घेतलं न्हाई तर मग कधी?"

मी तडक दुकानात गेलो.

"नेट बंद हाय का?" केबलवाल्यानं मान वर न करता विचारलं.

"बंद न्हाई. रांगतंय."

"मग अनलिमिटेडच हाय की. बंद पडणार न्हाई म्हणलं होतं, पळंल म्हणलं न्हवतं."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मग त्यानं आपल्या जाहिरातीच्या कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: महिन्याला तीनशे जीबी, त्यानंतर वेग एक एमबीपीएस. मी स्वतः गावच्या प्रश्नांवर पत्रकं काढतो. जे लोकांनी वाचावं वाटतं ते मोठं छापतात आणि जे वाचू नये वाटतं ते तळाशी, हे मला कुणी शिकवायला नको.

"लई वापरता भाऊ तुमी," तो म्हणाला. "मोबाइलवर दाखवू का?"

त्यानं दाखवलं. रोजचे बावीस-तेवीस जीबी. ताईचा क्लास तर ४८०च्या चित्रावर चालायचा. तासाला अर्धा जीबी धरला तरी चार तासांचे दोनच. बाकीचे वीस कोण खातंय?

घरी आलो तर उत्तर समोरच बोलत होतं. बैठकीत टीव्हीवर कीर्तन रंगलेलं आणि ऐकायला फक्त शेळी. आमच्या आबांचा नियम आहे, कीर्तन मध्येच तोडायचं नाही. सकाळी लावायचं आणि शेतात जाताना सांगायचं, "आरती झाली की बंद करा." पण आरती झाली की पुढचं कीर्तन आपोआप सुरू व्हायचं. मग तेही तोडायचं नाही. असं दिवसाचे दहा तास. टीव्ही मोठा, चित्र 'ऑटो'वर, म्हणजे मिळेल तेवढं झकास, १०८०. तासाला दोनेक जीबी. दिवसाला वीस, महिन्याला सहाशे. तीनशेच्या मर्यादेत सहाशेचं कीर्तन.

आबा आले तेव्हा मी आवाज चढवला. "तुमच्या कीर्तनापायी ताईची परीक्षा बुडतीय."

"माझ्यावर कशापायी ओरडतो रं?" आबा शांतपणे म्हणाले. "अनलिमिटेड म्हणून सांगूनच बसवलं ना त्यानं? देवाचं नाव मोजून घ्यायचं आसतं व्हय?"

राग चुकीच्या माणसावर निघाला होता, हे कळलं.

उरलेल्या महिन्यात एक एमबीपीएसमध्ये भागवायचं होतं. क्लासच्या वेळी टीव्ही बंद, सगळ्यांचे फोन वायफायवरून काढलेले, ताईचं चित्र २४०वर. चाललं. पण फळ्यावरचे अपूर्णांक ठिपक्यांसारखे दिसायचे. ताईनं क्लासमध्येच लिहून सांगितलं, "सर, आकडे तोंडानं बोला, दिसत नाहीत." सर बोलायला लागले. त्याबरोबर खाली कुठल्या कुठल्या गावांतून मुलींचे धन्यवाद पडायला लागले. म्हणजे आकड्यांचे ठिपके फक्त ताईच्याच पडद्यावर नव्हते. ते वाचून माझं डोकं आणखीच भडकलं.

नवा महिना लागायच्या आधी मी टीव्हीचं चित्र ४८०वर पक्कं केलं आणि आपोआप पुढचं लागणं बंद केलं. आता दहा तास जरी चाललं तरी कीर्तनाचे दिवसाला पाच, क्लासचे दोन. महिन्याचे दोनशे दहा. उरलेले नव्वद बाकीच्यांच्या फोनला. आबांना चित्रातला फरक कळलाही नाही.

पहिल्या दिवशी आरती झाली आणि टीव्ही गप्प झाला. आबा दारातच थबकले.

"संपलं?"

"संपलं."

"आसं संपतंय तर," म्हणाले आणि खुरपं घेऊन निघाले. आतल्या खोलीतून सरांचा आवाज न अडखळता येत होता, आणि त्यांच्या पुढं पळणारा ताईचा. उत्तर ती आधी सांगत होती.

मी पत्रक लिहायला बसलो. केबलवाल्याच्या कागदाच्या तळाची ती मुंगीएवढी अक्षरं या वेळी सगळ्यात वर, सगळ्यात मोठी.