कार्डावरचा सर्व्हिस नंबर

"वहिनी, अर्ध्या किमतीत इम्पोर्टेड ड्रायर मिळतोय आणि तुम्ही त्याची पाठ काय बघत बसलाय?"

"तोंड तर सगळेच चांगलं ठेवतात, भाऊजी. तुम्हीसुद्धा."

लाँड्रीवाली दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात मशीनमागची पट्टी वाचत होती. घरचा ड्रायर कालच जळला होता. दोन लॉजच्या ओल्या चादरी बाथरूमपासून जिन्यापर्यंत लटकत होत्या आणि परवापर्यंत त्या पोचल्या नाहीत, तर दोन्ही गिऱ्हाइकं हातची जाणार होती. अशा घाईत दिराचा उत्साह उतू जायचा. नोकरी टिकवण्यात मात्र तो कधी दिसला नव्हता.

"कंपनीची दोन वर्षांची वॉरंटी आहे, ताई," दुकानदाराने कार्ड पुढे केलं.

"यावर शिक्का तर तुमचा आहे. कंपनी कुठाय?"

"एकच की हो!"

"एकच असेल तर कंपनीलाच विचारू." तिने कंपनीच्या वेबसाइटवरून हेल्पलाइनचा नंबर काढला, स्पीकर लावला आणि पट्टीवरचा मॉडेल नंबर, सिरीयल नंबर एकेक आकडा करत वाचला.

पलीकडची मुलगी नंबर तपासून म्हणाली, "मॅडम, हे मशीन दुसऱ्या देशात विकण्यासाठी बनवलंय. वॉरंटी तिथलीच, इथे लागू नाही."

"पैसे देऊन दुरुस्त कराल?"

"या मॉडेलचे पार्ट आमच्या सेंटरला येतच नाहीत."

दुकानदाराच्या चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नव्हता. मेलेल्या माशीकडे बघावं तसं त्याने फोनकडे बघितलं. "कंपन्या असंच बोलतात हो. आमची स्वतःची सर्व्हिस आहे ना! कार्डाच्या मागे नंबर आहे. बिघाड झाला की माणूस घरी हजर."

"अहो, कशाला आता..." दीर एकदम पुढे सरसावला. "वहिनी, चला, चहा घेऊ."

आजवर दिराने स्वतःहून चहा पाजल्याचं तिला आठवेना. तिने कार्ड उलटं केलं आणि नंबर दाबू लागली. शेवटचा आकडा पडला, तसं स्क्रीनवर नाव उमटलं: भाऊजी.

तिने हिरवं बटण दाबलं. दिराच्या खिशात फोनचा भुंगा गुणगुणू लागला.

"उचला ना," ती म्हणाली. "गिऱ्हाईक आहे. ड्रायर बंद पडलाय म्हणते."

"मी... मी शिकून घेणार होतो, वहिनी."

"घरातला बल्ब बदलायला शेजाऱ्याला हाक मारता तुम्ही! आणि आतापर्यंत किती जणांना हे कार्ड दिलंय? त्यांचे फोन आले की काय करता?"

"सायलेंटवर ठेवतो," तो पुटपुटला.

दुकानदार छताकडे बघत हसला. तिने कार्ड दोन बोटांत, कुणाचा तरी वापरलेला रुमाल धरावा तसं धरलं आणि दिराच्या शर्टाच्या खिशात खोचलं. मग पर्स उचलली. गल्लीच्या टोकाला कंपनीचं अधिकृत दुकान होतं. महाग, पण सर्व्हिस सेंटर त्याच्या वरच्याच मजल्यावर होतं.

"वहिनी, दादाला नका ना सांगू! वहिनी? अहो, निदान काय ठरवलंत ते तरी सांगा!"

काचेचं दार तिच्यामागे लागलं. खिशातला भुंगा अजून गुणगुणत होता.