तक्वा म्हणजे नुसतं फिअर नाही

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सोडली. रत्नागिरीतल्या या मोहल्ल्यानं मला मशिदीच्या झाडलोटीचं काम दिलं, राहायला खोली दिली. त्याबद्दल रोज शुक्र करतो आणि रोजच घाबरतो, की आज काढून टाकतील.

गोव्यात हॉटेलात भांडी घासताना थोडं इंग्रजी शिकलो होतो. ते एकदा फुशारकीनं बोलून गेलो, तेच नडलं. सदरसाहेबांची, म्हणजे मशिदीच्या कमिटीच्या अध्यक्षांची, सात वर्षांची नात परदेशातून सुटीला आली. मराठी, उर्दू शून्य.

"शुक्रवारी जुम्म्याला मौलाना बयान देतात, तेव्हा तिच्याजवळ बस नि इंग्रजीत सांगत जा," सदरसाहेब म्हणाले.

मौलाना म्हणाले, "तक्वा." मी म्हणालो, "फिअर." मौलाना म्हणाले, "बरकत." मी म्हणालो, "मोअर." तक्वा जितक्या वेळा आला तितक्या वेळा मी इमानदारीत फिअर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सदरसाहेब तणतणत आले. "काय सांगितलंस रे पोरीला? अल्ला माझ्यावर चिडलाय म्हणून रडते. मदरशात पाऊल टाकत नाही. नि सकाळी बिस्मिल्ला म्हणून घावनासमोर बसून राहिली, एकाचे दोन होतील म्हणून!"

मी मनातल्या मनात गावाकडे जायची पिशवी भरली आणि मौलानांकडे धावलो.

मौलाना आधी पोट धरून हसले. "अरे बाबा, भीती त्यात आहे, पण कुत्र्याला भिऊन पळतो तशी नाही. तक्व्याच्या मुळाशी बचाव आहे, जपणं आहे. काट्याच्या वाटेनं कपडा सावरून चालतोस ना? तसं जगायचं, अल्ला पाहतोय हे ध्यानात ठेवून."

"आणि बरकत?"

"अल्लानं घातलेली भलाई. चीज तेवढीच असेल, पण पुरते, टिकते, कामी येते. वाढतेसुद्धा. पण ताटाकडे डोळे लावून नव्हे."

"एका शब्दात सांगा ना."

"एका शब्दानंच तर घोळ केलास!"

मग मी मुलीला मदरशामागच्या करवंदीच्या जाळीजवळ नेलं. इंग्रजी संपलेलं, म्हणून लुंगी सावरून स्वतःच आत घुसलो. लुंगी अडकली. ती खदखदून हसली, मग आपला नवा फ्रॉक मुठीत धरून, एकेक पाऊल बघत माझ्यामागून आली.

"दिस," मी फ्रॉककडे बोट केलं. "तक्वा."

तिनं विचार केला. इंग्रजीत म्हणाली, "म्हणजे घाबरायचं नाही?"

"लिटिल," मी म्हणालो. खोटं कसं बोलू? "बट मोअर केअर. अल्ला लव्ह. यू नो स्पॉइल."

पुढच्या जुम्म्याला ती आपणहून माझ्याशेजारी येऊन बसली. मौलाना म्हणाले, "सब्र." मी म्हणालो, "पेशन्स."

तिनं माझी बाही ओढली. "अँड व्हॉट एल्स?"

बयान केव्हाच संपलं. मौलाना चपला घालून घरी गेले. सदरसाहेब दारात थांबून आमच्याकडे बघत होते. काढून टाकायचं काही बोलले नाहीत. मी मात्र घाम पुसत, सब्रमध्ये आणखी काय काय असतं ते हातवारे करून दाखवत होतो.