फोन नको, ईमेल करा

पुण्याच्या त्या बाईंनी मागितलं काय, तर दहा मिनिटांचा फोन. नोकऱ्या जुळवून देणाऱ्या एका कंपनीत त्या होत्या. माझा अर्ज त्यांना आवडला होता आणि 'बोलण्यासाठी सोयीचा नंबर आणि वेळ कळवा' असा त्यांचा ईमेल आला होता. आता आमच्या दिंद्रुडसारख्या खेड्यात सोयीचा नंबर मी कुठून पैदा करू? आमचा फोन अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, किराणा दुकानात. घंटी वाजली की साखरेची पुडी बांधून झालेलं गिऱ्हाईकसुद्धा जागचं हलायचं नाही. फोन ठेवल्यावर "कुणाचा व्हता वो अप्पा?" हे विचारणं तर त्यांचा हक्कच. बूथवरून बोलावं, तर तालुक्याला, माजलगावला, बूथवाला माझ्या मावशीचा दीर. मोबाइल फक्त पुढाऱ्यांच्या कमरेला.

आणि अप्पांना अर्जाचा पत्ताच नव्हता. मी बी. कॉम. झाले होते, कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, पण पोरीनं पुण्याला एकटं राहायचा विषय निघाला की अप्पा उगीच तराजू पुसायला घेत. म्हणून मी ठरवलं, आधी नोकरी पक्की करायची, मग सांगायचं. कागदावर मी लई शूर होते!

शनिवारी माजलगावच्या सायबर कॅफेत बसून मी उत्तर लिहिलं. चारदा खोडलं. शेवटी इंग्रजीत जे जमलं ते असं: आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. फोनवर बोलणं मात्र सध्या शक्य नाही, क्षमा असावी. फोन घरच्या दुकानात आहे आणि तिथं मला मोकळेपणानं बोलता येत नाही. आपले प्रश्न ईमेलनं पाठवलेत तर मी दोन दिवसांत सविस्तर उत्तर देईन. पाठवलं आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायले. नकार कसा द्यावा हे कुणी माझ्याकडून शिकावं, असं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मी विसरले. आमच्या तालुक्यात ईमेल कुणाचा एकट्याचा नसायचा. खातं कॅफेवालाच उघडून द्यायचा, पासवर्ड त्याच्या वहीत असायचा. खेड्यावरच्या लोकांनी रोज कुठं यावं? म्हणून बिचारा स्वतःच सगळ्यांचे ईमेल उघडून बघायचा आणि काही आलं असलं तर छापून जीपवाल्याबरोबर धाडून द्यायचा. सगळे त्याला दुवा देत. मीही देत होते, त्या मंगळवारपर्यंत.

मंगळवारी सकाळी जीपवाल्यानं माझा कागद थेट अप्पांच्या हातात दिला. "पुण्याहून आलंय, अर्जंट हाय म्हणं." अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. फुकटचा पेपर वाचायला रोज येणारे निवृत्त गुरुजी होतेच. मी दळणाचा डबा घेऊन पोचले तेव्हा गुरुजी चष्मा लावून, वर्गात शिकवावं तसं, एकेक ओळ मराठीत सांगत होते आणि चार गिऱ्हाइकं ऐकत होती. अगं बाई! फोनवर निदान एकच बाजू ऐकू गेली असती.

बाई भल्या होत्या. ईमेल चालेल, म्हणाल्या होत्या. तीन प्रश्न होते. हिशोबाचं कोणतं सॉफ्टवेअर येतं, पगाराची अपेक्षा काय, आणि पंधरा दिवसांत पुण्याला राहायला येऊ शकाल का, घरच्यांची संमती आहे का. उत्तर बुधवारपर्यंत.

"खाली आणखी हाय," गुरुजी म्हणाले. खाली माझंच पत्र छापलेलं होतं. तेही त्यांनी वाचलं. दुकानात मोकळेपणानं बोलता येत नाही, ही ओळ तर दोनदा, कारण एका म्हाताऱ्याला पहिल्यांदा ऐकू आली नव्हती.

मला जमीन दुभंगावी असं झालं. अप्पांनी कागद हातात घेतला, न कळणाऱ्या त्या ओळींकडे बघत राहिले.

"फोन दुकानात हाय म्हणून बोलता येत न्हाई," ते म्हणाले, "का बाप दुकानात हाय म्हणून?"

मी दळणाचा डबा खाली ठेवला. एकही गिऱ्हाईक मधे बोललं नाही, हे आमच्या दुकानात प्रथमच घडत होतं.

"तिसऱ्याचं काय उत्तर देणार व्हतीस?"

"हो लिहिणार होते."

"मला इचारून?"

"न्हाई अप्पा."

राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता उतरला. मला माझीच लाज वाटली, आणि त्याच वेळी रागही आला, की विचारलं असतं तर तुम्ही तराजूच पुसला असता ना!

"खोटं लिहू नगंस," ते म्हणाले. "इचार आता."

"इथं? सगळ्यांपुढं?"

"पत्र सगळ्यांपुढंच वाचलं की."

मी विचारलं, "अप्पा, मी पुण्याला जाऊ?"

हो म्हणाले नाहीत ते. आजतागायत म्हणालेले नाहीत. कागदाची नीट घडी घातली, माझ्या हातात ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "उत्तर उद्यापत्तुर पायजे ना? माजलगावची दोनची जीप घावंल. जेवून जा."