हिरवा ठिपका

ऑफिसात त्यांना सगळे 'फूटपट्टी' म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही. सागरी मोजणी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून बरं नाव कुणी द्यायचं? बायको मात्र वैतागायची. "भाजीत मीठ घालतानाही हा माणूस चमचा डोळ्यासमोर धरून बघतो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. चष्मा नाकाच्या टोकावर, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिली, आणि बोलणं असं तोलूनमापून, की समोरच्याला आपणच फार बोललो असं वाटावं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एका दुपारी दारात एक वकीलबाई उभी राहिली. वय तिशीच्या आतबाहेर, हातात फुगलेली फाईल, चपला धुळीने माखलेल्या. सरकारी बाजूने साक्ष द्यायचं समन्स त्यांना आलं होतंच, पण ही बाई दुसऱ्या बाजूची निघाली.

"काका, मी त्या परदेशी बोटीच्या तांडेलाचं काम बघते," ती म्हणाली. "सरकारने नेमून दिलंय, नाहीतर त्याच्याकडे वकील ठेवण्याची ऐपत कुठली? तुम्ही उद्या आमच्या विरुद्ध साक्ष देणार. तरीही एकदा समजून घ्यायचं होतं."

बायकोने चहा ठेवला. वकीलबाईने नकाशा पसरला. फूटपट्टींनी तो पाहिला आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. स्वतःच्या हाताचा नकाशा माणूस ओळखणारच.

प्रकरण साधं होतं. शेजारच्या देशाची मासेमारी बोट पहाटे गस्तीच्या जहाजाने पकडली. जाळं पाण्यात होतं, त्यामुळे 'आम्ही नुसते जात होतो' म्हणायला तोंड नव्हतं. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आणि सहा माणसं ताब्यात. बोट होती किनाऱ्यापासून पंधरा सागरी मैलांवर. त्यावर वाद नव्हता, यंत्राची नोंदच होती.

"मग अडचण कुठे आहे?" बायकोने विचारलं. तिला अशा गोष्टींत रस असायचा.

फूटपट्टींनी चष्मा वर सारला. "समुद्राला कुंपण नसतं, पण रेघा असतात. किनाऱ्यावरची ओहोटीच्या पाण्याची जी रेघ, ती पायाची रेघ. तिथून बारा सागरी मैल म्हणजे प्रादेशिक समुद्र. तिथे देशाचं राज्य पूर्ण, जमिनीवर असतं तसंच. परक्या जहाजाला सरळ, कुणाला त्रास न देता निघून जाता येतं, पण जाळं टाकायचं नाही. टाकलं तर देशाच्या कायद्याने कोठडी."

"आणि बाराच्या पुढे?"

"पुढे दोनशे मैलांपर्यंत, त्याच रेघेपासून मोजून, अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथे मासे आपले, तळातलं तेल आपलं. पण पाणी आपलं नाही. कुणीही जहाज हाकावं, विमान उडवावं. चोरून मासे मारले तर बोट पकडता येते, खटला चालवता येतो, दंड करता येतो. पण वाजवी जामीन भरला की बोट आणि माणसं लवकर सोडावी लागतात. आणि मासेमारीसाठी तुरुंगवास देता येत नाही, दोन देशांनी तसं आपसात ठरवलं असेल तर गोष्ट निराळी. इथे तसा करार नाही."

"म्हणजे पंधरा मैलांवर होती तर दंडच," बायको म्हणाली. "सुटला बिचारा."

वकीलबाई कोरडं हसली. तिने नकाशावर बोट ठेवलं. किनाऱ्यापासून सहा मैलांवर निळ्या पाण्यात एक छोटा हिरवा ठिपका होता.

"हा," ती म्हणाली.

तो एक वाळूचा पट्टा होता. भरतीला बुडायचा, ओहोटीला उघडा पडायचा. कायद्यात अशी सोय होती, की असा उघडा पडणारा उंचवटा मुख्य जमिनीपासून बारा मैलांच्या आत असेल, तर त्याच्या ओहोटीच्या रेघेपासूनही प्रादेशिक समुद्र मोजता येतो. किनाऱ्यापासून पट्टा सहा मैल. पट्ट्यापासून पुढे बारा. म्हणजे त्या बाजूला देशाचं राज्य अठरा मैलांपर्यंत गेलं, आणि पंधरावर असलेली बोट त्यात सापडली. त्या ठिपक्यावाचून तांडेलाला दंड, त्या ठिपक्यामुळे तुरुंग.

"तो ठिपका तुम्ही काढलाय ना, काका?"

"मीच." त्यांना तो दिवस आठवला. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पायाला गार वाळू लागली होती, हातात मोजपट्टीची उभी काठी होती. सर्वांत खालच्या ओहोटीला पट्टा वीतभर वर आला होता. खात्याने त्यांची पाठ थोपटली होती. त्या वीतभर वाळूने देशाला किती समुद्र मिळवून दिला, असं साहेबांनी भाषणात सांगितलं होतं.

"आता आहे तो?"

फूटपट्टींनी पेन्सिलीचं टोक ठिपक्यावर टेकवलं. मग म्हणाले, "मोजला तेव्हा होता. आज बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही."

कोर्टात त्यांनी हेच सांगितलं. तांडेल आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. पन्नाशीचा, सुकलेला माणूस. दुभाष्या कानात सांगत होता आणि तो मान हलवत होता, समजलं म्हणून नव्हे, तर लोक हलवतात म्हणून. वकीलबाईने उलटतपासणीत विचारलं, "पट्टा आज उघडा पडतो का?" फूटपट्टी म्हणाले, "मला माहीत नाही." सरकारी वकील उठला. नकाशा खात्याने मान्य केलेला, चालू आवृत्तीतला, ओहोटीची रेघ कायद्याने अशाच नकाशावरून घ्यायची. न्यायाधीशांनी नकाशा प्रमाण मानला. तांडेलाला दोन वर्षं; सहा माणसांना आधीच परत पाठवलं होतं.

निकाल सांगताच तांडेलाने दुभाष्याला काहीतरी विचारलं. वकीलबाईने बाहेर आल्यावर फूटपट्टींना सांगितलं, "तो विचारत होता, ती रेघ कुठे असते ते एकदा दाखवा. मी तीस वर्षं त्या पाण्यात आहे, मला कधी दिसली नाही."

त्या दिवसापासून फूटपट्टींची झोप उडाली. बायकोने आधी दुर्लक्ष केलं, मग म्हणाली, "मनाला लावून घेऊ नका. तुम्ही खरंच बोललात की."

"खरं बोललो, पण अर्धवट," ते म्हणाले. "मोजलं नाही ते 'माहीत नाही' म्हणणं सोपं असतं. मोजून येणं माझ्या हातात होतं."

वर्षातली सर्वांत मोठी ओहोटी पुढच्याच महिन्यात होती, सकाळी साडेनवाला. बंदरातला जुना ओळखीचा सारंग लाँच घेऊन आला. ऊन स्वच्छ होतं, पाणी काचेसारखं. फूटपट्टींनी जागा बरोबर धरली, ती चुकणारच नव्हती. तिथे वाळू नव्हती. पाणी होतं. त्यांनी वजनाची दोरी सोडली, पुन्हा सोडली, पन्नास जागी सोडली. जिथे सगळ्यांत उथळ होतं, तिथेही हातभर पाणी होतं. बंदराचा तळ खोल करायला गेली काही वर्षं किनाऱ्याजवळची वाळू उपसत होते, वादळंही येऊन गेली होती. पट्टा कधी विरला, कुणी सांगू शकलं नसतं.

"आता काय?" सारंगाने विचारलं.

"आता हा उंचवटाच नाही. ओहोटीला बुडालेलाच राहिला तर त्यावरून काही मोजता येत नाही. म्हणजे बोट बारा मैलांच्या हद्दीबाहेरच होती."

त्यांनी अहवाल लिहिला. तारीख, वेळ, भरती-ओहोटीचे आकडे, दोरीची प्रत्येक नोंद. तो घेऊन ते खात्यात गेले. साहेब नवे होते, पण आदराने उठले. अहवाल वाचला, दोनदा वाचला, आणि दार लावून घेतलं.

"सर, तुमचं मोजणं चुकीचं असेल असं मी म्हणणार नाही," साहेब म्हणाले. "पण तुम्ही आता खासगी माणूस. तुमच्या कागदावर नकाशा बदलत नाही. सरकारी जहाजाने मोजायला हवं."

"मग मोजा. एका मोठ्या ओहोटीचं काम आहे."

"यादीत चार वर्षं लागतील. आणि खरं सांगू? ठिपका पुसला की रेघ सहा मैल आत सरते. तेवढ्या समुद्रातलं राज्य गेलं. मासे आपले राहतील, पण पाण्यावरचा हुकूम उरणार नाही. त्या कागदावर मी सही करू? घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं!"

"पण तो पट्टा नाहीये."

"नकाशात आहे."

फूटपट्टींनी टेबलावरचा अहवाल परत उचलला. चौतीस वर्षं त्यांनी नव्या पोरांना एकच शिकवलं होतं, की नकाशा समुद्राचं ऐकतो. इथे समुद्राने नकाशाचं ऐकायचं होतं.

वकीलबाईने अपील केलं. वरच्या कोर्टाने अहवाल पुराव्यात घेतला नाही. निवृत्त माणसाने, सरकारी साक्षीदाराने, नंतर आपल्या खर्चाने केलेली मोजणी, शिवाय गुन्ह्याच्या दिवशी पट्टा नव्हता हे तिच्यावरून कुठे सिद्ध होतं? मुद्दा बिनतोड होता. फूटपट्टींनाही तो चुकीचा म्हणता येईना.

ते तुरुंगात दोनदा गेले. तांडेल बोलायचा कमी. त्याला पोटाचं दुखणं लागलं होतं, दवाखान्यात नेऊन आणून झालं होतं. दुसऱ्या भेटीत त्याने दुभाष्यामार्फत विचारलं, "तुम्ही खरंच पाहिलंत? वाळू नाही?"

"नाही."

"मग मी इथे का?"

फूटपट्टींनी नकाशा, रेघ, बारा मैल असं सांगायला पेन्सिल काढली आणि परत खिशात ठेवली. तांडेलाने त्यांच्या हातावर हात ठेवला, जणू समजूत त्यांचीच घालायची होती. बोटीच्या दोरांनी झिजलेला खरखरीत तळहात.

चौदाव्या महिन्यात वकीलबाईचा फोन आला. दुपार होती, बायको गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

"गेला काका. आतडं फुटलं. दवाखान्यात पोचेपर्यंत..."

त्याच्या देशाच्या वकिलातीचा माणूस दोन दिवसांनी येणार होता. तोवर शव ओळखायला कुणी नव्हतं. वकीलबाई सुनावणीत अडकली होती, म्हणून फूटपट्टी गेले. शवागारातल्या कारकुनाने रजिस्टर पुढे केलं. नाव, गाव, ओळख पटवणारा, मयताशी नातं.

"नातं काय?" कारकुनाने विचारलं.

फूटपट्टी पेन घेऊन थांबले. "साक्षीदार," ते म्हणाले.

"असला रकाना नाही. नातेवाईक, शेजारी, ओळखीचा. यातलं सांगा."

त्यांनी 'ओळखीचा' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. आयुष्यात त्यांचं अक्षर कधी वाकडं आलं नव्हतं. मग बघण्याआधीच सही केली, आणि चादर तोंडावरून बाजूला करायला सांगितलं.